दिवाळीत गल्ला रिकामा, नोव्हेंबरात भरलेला: उधारीच्या दुकानात नफा मोजताना या चुका टाळा

नोव्हेंबर २०२५ चा पहिला आठवडा. दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. आमच्या तालुक्याच्या गावातले एक किराणा दुकानदार काका रोजमेळाची वही काखेत मारून माझ्याकडे आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "अहो, दिवाळीत रात्री अकरापर्यंत दुकान उघडं होतं. जेवायला उसंत नव्हती. आणि व्यापाऱ्याचं बिल भागवायला मला घरची एफडी मोडावी लागली. एवढा माल विकला, तो पैसा गेला कुठं? पुढच्या वर्षी दिवाळीचा माल भरायचाच नाही असं ठरवलंय."

महिन्याभराने, डिसेंबरच्या सुरुवातीला, तेच काका हसत आले. नोव्हेंबरात सव्वा लाख शिल्लक पडली होती. आता आइस्क्रीम आणि दुधासाठी मोठा फ्रीझर घ्यायचा विचार होता.

दोन्ही निर्णय चुकीचे होते आणि दोन्ही एकाच चुकीतून आले होते. काका रोख पाहत होते आणि त्यालाच नफा म्हणत होते. मी बरीच वर्षं छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. महिन्याच्या उधारीवर चालणाऱ्या दुकानात ही चूक मला जितकी भेटते तितकी दुसरी कुठलीच नाही, म्हणून काकांचेच आकडे (सोयीसाठी पूर्ण हजारांत करून) घेऊन ती उलगडून दाखवतो.

दोन पद्धतींत फरक नेमका कुठे पडतो

रोख पद्धतीत पैसे हातात आले की उत्पन्न, हातातून गेले की खर्च. मधे काही नाही. उपार्जित पद्धतीत, जिला सीएच्या ऑफिसात मर्कंटाईल म्हणतात, माल गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेला त्याच दिवशी विक्री झाली. पैसे कधी का येईनात. आणि जो माल विकला त्याची खरेदी-किंमत त्याच महिन्याच्या विक्रीसमोर मांडायची, मग तो माल कधीही आणलेला असो आणि त्याचे पैसे कधीही दिलेले असोत.

फक्त रोखीवर चालणाऱ्या पानटपरीत या दोन पद्धतींची उत्तरं जवळजवळ सारखी येतात. काकांच्या दुकानात तसं होत नाही, कारण निम्म्याहून जास्त विक्री खात्यावर जाते. साखर कारखान्याचे कामगार, शिक्षक, पोस्टातले, दोन टेलर असे सत्तर-ऐंशी घरांचे माल महिनाभर वहीत लिहिले जातात. "ता. १६: तेल ५ लि., रवा २ किलो, मैदा २ किलो, डालडा १" असं प्रत्येकाच्या पानावर साठत जातं आणि पुढच्या महिन्यात पगार झाला की सात ते दहा तारखेदरम्यान एकरकमी हिशेब होतो. म्हणजे माल एका महिन्यात जातो आणि पैसा दुसऱ्या महिन्यात येतो. हा एका महिन्याचा सांधा रोजमेळात कुठेही दिसत नाही.

पहिली चूक: गल्ल्यातल्या वाढीला नफा समजणं

ऑक्टोबरात काकांनी चार लाखांचा माल विकला. त्यातला १,६०,००० चा रोखीने गेला आणि २,४०,००० चा खात्यावर. सप्टेंबरची उधारी १,४०,००० होती, त्यातले १,३०,००० ऑक्टोबरात वसूल झाले. व्यापाऱ्याकडून ३,७०,००० चा माल आणला आणि दिवाळीच्या गर्दीत व्यापारी थांबत नाही, म्हणून सगळे पैसे लगेच दिले. भाडं, वीज, मदतनीस मुलाचा पगार आणि किरकोळ मिळून २५,००० खर्च.

नोव्हेंबरात विक्री निम्म्यावर आली. एकूण दोन लाख, त्यातले ८०,००० रोख आणि १,२०,००० उधार. पण दिवाळीची उधारी वसूल झाली, २,२०,०००. माल फक्त दीड लाखाचा भरला. खर्च तोच, २५,०००.

काकांना सरासरी १५ टक्के सुटतात, म्हणजे शंभराच्या विक्रीत माल ८५ चा. आता दोन्ही महिने दोन्ही पद्धतींनी शेजारी शेजारी ठेवू.

| | ऑक्टोबर | नोव्हेंबर |
|---|---|---|
| रोख आली (रोख विक्री + वसुली) | २,९०,००० | ३,००,००० |
| रोख गेली (माल + खर्च) | ३,९५,००० | १,७५,००० |
| रोख पद्धतीचं उत्तर | १,०५,००० तूट | १,२५,००० शिल्लक |
| एकूण विक्री | ४,००,००० | २,००,००० |
| विकलेल्या मालाची किंमत | ३,४०,००० | १,७०,००० |
| दुकानखर्च | २५,००० | २५,००० |
| उपार्जित पद्धतीचं उत्तर | ३५,००० नफा | ५,००० नफा |

ज्या महिन्याला काका बुडीत समजत होते त्यात ३५,००० सुटले होते. ज्या महिन्याच्या जोरावर फ्रीझर घ्यायला निघाले होते त्यात खर्च वजा जाता फक्त ५,००० उरले होते. दिवाळीचा माल भरणं बंद केलं असतं तर दुकानाचा सगळ्यात चांगला महिनाच त्यांनी स्वतःच्या हाताने तोडला असता.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. रोजमेळ खोटं बोलत नव्हता. ऑक्टोबरात खरंच १,०५,००० कमी पडले होते, खरंच एफडी मोडावी लागली होती. महिना निभेल का, हे रोख सांगते. धंदा सुटतोय का, हे सांगायला उपार्जित हिशेब लागतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या वहीत शोधलं की घोटाळा होतो.

गेलेला पैसा शोधायचा कसा

"पैसा गेला कुठं" या काकांच्या प्रश्नाला अगदी रुपयापर्यंत उत्तर देता येतं आणि चूक शोधायचं याच्याइतकं चांगलं साधन मला दुसरं माहीत नाही. महिन्याच्या नफ्यातून वाढलेली उधारी वजा करा, वाढलेला शिल्लक माल वजा करा, व्यापाऱ्याचं देणं वाढलं असेल तर ते मिळवा आणि घरासाठी उचललेले पैसे वजा करा. जे उरेल तेवढीच रोख वाढलेली किंवा घटलेली असली पाहिजे.

ऑक्टोबरचं पाहू. नफा ३५,०००. नवी उधारी २,४०,००० चढली आणि जुनी १,३०,००० उतरली, म्हणजे उधारी १,१०,००० ने वाढली. माल ३,७०,००० चा आला आणि ३,४०,००० चा गेला, म्हणजे मांडणीवर ३०,००० चा जास्त माल राहिला. व्यापाऱ्याचं देणं नाही. काकांचं घर काकूंच्या पगारावर चालतं, त्यामुळे उचलही नाही. पस्तीस हजारांतून एक लाख चाळीस हजार गेले की उणे १,०५,०००. रोजमेळाशी बरोबर जुळलं. पैसा सत्तर-ऐंशी घरांच्या खात्यावर आणि काकांच्याच मांडणीवर बसला होता.

नोव्हेंबरात तेच उलटं झालं. नफा ५,०००, उधारी एक लाखाने उतरली, माल २०,००० ने कमी झाला. मिळून १,२५,०००. हे सव्वा लाख म्हणजे बहुतांशी ऑक्टोबरचाच माल पैसा होऊन परत आलेला. त्यातून फ्रीझर घेणं म्हणजे पुढच्या मालाच्या भांडवलातून घेणं.

ही बेरीज जुळली नाही तर फरकाची रक्कम लिहून ठेवा. चूक कोणती, हे बरेचदा ती रक्कमच सांगते. कशी, ते पुढच्या चुकीत दिसेल.

दुसरी चूक: एकच विक्री दोनदा

ही चूक वहीत कमी आणि कॉम्प्युटरवर जास्त होते. काकांच्या पुतण्याने उत्साहाने हिशेब टॅलीत चढवायला घेतले. ऑक्टोबर त्याने नीट केला. नोव्हेंबरात दिवाळीची उधारी यायला लागली, तेव्हा आलेली प्रत्येक रक्कम त्याने `Sales` व्हाउचरने रोख विक्री म्हणून टाकली. पैसे आले म्हणजे विक्री झाली, हा त्याचा समज. पण तो माल ऑक्टोबरात, त्या त्या गिऱ्हाइकाच्या नावावर, आधीच विक्रीत धरला होता.

वाईट असं, की या चुकीत गल्ला जुळतो. पैसे खरेच आलेले असतात, त्यामुळे रोजची शिल्लक एका रुपयाने चुकत नाही आणि कोणाला शंका येत नाही. ती तीन ठिकाणी उघडी पडते.

पहिलं ठिकाण नफ्याची टक्केवारी. नोव्हेंबरची विक्री दोन लाखांऐवजी ४,२०,००० दिसत होती आणि विकलेला माल मात्र १,७०,००० चाच. म्हणजे विक्रीवर जवळपास साठ टक्के सुटल्यासारखं दिसत होतं. तेल, साखर, डाळ विकणाऱ्या दुकानात असं होत नाही. पंधराच्या आसपास राहणारा आकडा एखाद्या महिन्यात असा उडाला, की आधी वसुलीच्या नोंदी उघडाव्यात.

दुसरं ठिकाण गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या रकमांची एकूण बेरीज. टॅलीत `Sundry Debtors` खाली ३,७०,००० दिसत होते आणि काकांच्या उधारीच्या वहीतली सगळी पानं मिळवली तर १,५०,०००. फरक २,२०,०००, म्हणजे नोव्हेंबरची वसुली जशीच्या तशी. असा तंतोतंत आकडा सापडला की पुढे शोधायला फार वेळ लागत नाही.

तिसरं ठिकाण सगळ्यात लाजिरवाणं. पुतण्याने टॅलीतून यादी काढून एका शिक्षकांना बाकीचा निरोप पाठवला. ते दुकानात येऊन शांतपणे म्हणाले, "अहो, मी आठ तारखेलाच दिले की. वहीत बघा." वहीत पान भागलेलं होतं आणि समोर काकांची सही होती. असं दोनदा झालं की गिऱ्हाईक दुसरं दुकान बघतं.

दुरुस्ती सोपी आहे. उधारीचे पैसे आले की `F6` दाबून `Receipt` व्हाउचर करायचं आणि जमा त्या गिऱ्हाइकाच्या नावाला द्यायची. विक्रीच्या खात्याला त्या दिवशी हात लावायचा नाही. विक्री माल दिला त्या दिवशीची, `F8` ने, गिऱ्हाइकाच्या नावे टाकलेली. आधी चुकीच्या पडलेल्या नोंदी पुसण्यापेक्षा एकेक उघडून बदलाव्यात, म्हणजे तारीख आणि रक्कम शाबूत राहते.

यूपीआय आल्यापासून यात एक नवी गुंतागुंत झाली आहे. गिऱ्हाईक मागचे १,२०० द्यायला येतं, जाता जाता ३०० चा माल घेतं आणि एकदम १,५०० स्कॅन करतं. बँकेच्या उताऱ्यात १,५०० ची एकच ओळ. संध्याकाळी त्यातलं उधारीचं किती आणि आजच्या विक्रीचं किती, हे कोणाला आठवत नाही. माझा सल्ला असा, की खातं असलेल्या गिऱ्हाइकाचा आजचा मालही आधी खात्यावर लिहा आणि मग पूर्ण १,५०० खात्यात जमा करा. बाराशे अधिक तीनशे नावे, पंधराशे जमा, पान कोरं. फोड करायची वेळच येत नाही.

तिसरी चूक: आणलेला सगळा माल त्याच महिन्याचा खर्च

ऑक्टोबरात आणलेला माल ३,७०,००० चा, विकलेला ३,४०,००० चा. अनेक दुकानदार विक्री उधारीसकट पूर्ण धरतात, हे चांगलंच. पण खर्चात मात्र आणलेला सगळा माल टाकतात. तसं केलं तर ऑक्टोबरचा नफा ३५,००० ऐवजी ५,००० दिसतो आणि नोव्हेंबरचा ५,००० ऐवजी २५,०००. पुन्हा तेच, चांगला महिना वाईट आणि वाईट महिना चांगला.

यासाठी शिल्लक माल मोजावा लागतो आणि किराणा दुकानात दर महिन्याला सगळं मोजणं कुणालाच जमत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मधल्या महिन्यांत विक्रीचे ८५ टक्के माल गेला असं धरून चालतो आणि वर्षातून दोनदा, सप्टेंबर आणि मार्चअखेर, दुकान बंद ठेवून खरोखर मोजतो. मोजताना खरेदीची किंमत लावायची, विक्रीची नाही. विक्रीची लावली तर न झालेला नफा ताळेबंदात शिरतो. अपवाद खराब झालेल्या मालाचा. फुटलेलं पोतं किंवा मुदत संपत आलेलं बिस्कीट जेवढ्याला जाईल तेवढ्यालाच धरा.

मोजलेला माल हिशेबातल्या मालापेक्षा कमी निघाला तर कारणं चार-पाचच असतात: उंदीर आणि गळती, चोरी, वजनातली तूट, घरी नेलेला माल आणि न लिहिलेली उधारी. माझ्या अनुभवात शेवटची दोन सगळ्यात मोठी. घरी नेलेली साखर खर्चात घालू नका. ती खरेदी किमतीला मालकाच्या उचलीत लिहा. आणि गर्दीत "मग लिहितो" म्हणून दिलेलं लिहायचं राहून जातं. काकांनी यावर गल्ल्याशेजारी खिळ्यात चिठ्ठ्या अडकवायला सुरुवात केली. रात्री दुकान बंद करताना चिठ्ठ्या वहीत उतरल्या की मगच फाडायच्या.

चौथी चूक: विक्री रोखीने, खरेदी बिलाने

दुकानदाराला ही चूक म्हणून जाणवत नाही, कारण ती सोयीची वाटते. व्यापाऱ्याचं बिल आलं की लगेच खरेदीत घेतलं, पैसे पुढच्या महिन्यात का जाईनात. विक्री मात्र पैसे आल्यावरच धरली. खर्च एका पद्धतीने, उत्पन्न दुसऱ्या. मार्चअखेरीला याचा परिणाम असा, की मार्चमध्ये गेलेला माल खर्चात दिसतो आणि त्याची उधारी त्या वर्षाच्या विक्रीत दिसतच नाही. वर्षभरात उधारी वाढली असेल तर नफा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

३१ मार्च २०२६ पर्यंतच्या वर्षांना लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम १४५ नुसार धंद्याचं उत्पन्न एकतर रोख पद्धतीने मोजायचं किंवा मर्कंटाईल पद्धतीने, आणि जी धराल ती नियमितपणे धरायची. पूर्वी दोन्हींची सरमिसळ चालायची. १ एप्रिल १९९७ पासून ती बंद झाली. छोट्या दुकानदाराने रोख पद्धत निवडणं बेकायदा नाही, हेही लक्षात ठेवा. कंपनीला मात्र ती सोय नाही; कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ ने तिला उपार्जित पद्धतच बंधनकारक आहे. पण रोख निवडली तर दोन्हीकडे रोख. म्हणजे व्यापाऱ्याला न दिलेलं बिलही त्या वर्षी खर्चात नाही. सोयीनुसार एका वर्षी ही आणि पुढच्या वर्षी ती असं करता येत नाही.

१९६१ च्या त्याच आयकर कायद्याच्या कलम ४४एडीखाली अंदाजित नफा दाखवणारे दुकानदार मला विचारतात, "आम्हाला याच्याशी काय?" संबंध आहे. तिथे नफा एकूण उलाढालीच्या ८ टक्के धरतात आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के. मर्कंटाईल पद्धत असेल तर उलाढालीत ३१ मार्चला बाकी असलेली उधारीही येते. बँकेच्या उताऱ्याची बेरीज म्हणजे उलाढाल नव्हे. दुकानदाराच्या फायद्याचा भाग असा, की मार्चची उधारी एप्रिलात यूपीआयने आली, म्हणजे विवरणपत्र भरण्याच्या मुदतीच्या आत आली, तर तीही ६ टक्क्यांतच बसते. म्हणून मार्चच्या उधारीची गिऱ्हाइकवार यादी काढून ठेवा आणि वसूल होईल तशी रोख की बँक, हे समोर लिहा.

जीएसटीचं थोडक्यात. नियमित नोंदणी असलेल्या दुकानाला मालावरचा कर बिलाच्या तारखेप्रमाणे भरावा लागतो. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत म्हणून तो थांबत नाही. त्यामुळे मोठ्या उधारीत कर खिशातून जातो आणि तेवढी रोख आधीच बाजूला ठेवावी लागते. काकांची वर्षाची उलाढाल नोंदणीच्या चाळीस लाखांच्या मर्यादेच्या आत आहे, त्यामुळे त्यांच्या हिशेबात मी तो घेतलेला नाही.

पाचवी चूक: बुडालेली उधारी विक्रीतून खोडणं

नोव्हेंबरअखेर काकांची येणी १,५०,००० होती. त्यात १,२०,००० नोव्हेंबरची, म्हणजे अजून मुदत न झालेली. उरलेले ३०,००० जुने. त्या तीस हजारांत एक कुटुंब होतं, कारखान्याचं काम सुटल्यावर गाव सोडून गेलेलं. त्यांच्याकडे ६,००० अडकले होते. काका म्हणाले, "ती विक्री काढून टाका, नाहीतरी पैसे येणार नाहीत."

विक्री काढायची नसते. माल खरोखर गेला होता आणि तो खर्चात धरलेला आहे. विक्री खोडली तर त्या महिन्याची टक्केवारी बिघडते आणि आपण उधारीत किती बुडवतो, हा आकडा कायमचा नाहीसा होतो. त्याऐवजी बुडीत उधारी म्हणून वेगळा खर्च लिहा, ज्या वर्षी आशा सोडली त्या वर्षी. टॅलीत `F7` चं `Journal` व्हाउचर: बुडीत उधारी नावे, गिऱ्हाईक जमा. १९६१ च्या आयकर कायद्यात, कलम ३६ खाली, ही रक्कम तेव्हाच वजा मिळते जेव्हा ती आधी उत्पन्नात धरलेली असते आणि वहीत प्रत्यक्ष बुडीत लिहिलेली असते. म्हणूनच रोख पद्धतीने चालणाऱ्याला बुडीत उधारीची वजावट मिळत नाही. ती रक्कम त्याच्या उत्पन्नात कधी आलीच नव्हती. ४४एडीवाल्यालाही वेगळी मिळत नाही, कारण सगळे खर्च त्या टक्क्यांत धरलेले असतात. तरीही वहीत लिहा. तो आकडा करासाठी नसला तरी पुढच्या वर्षी कोणाला किती उधार द्यायचं ते ठरवायला लागतो.

पण घाईने बुडीत लिहू नका. येणी महिनावार लावा: एक महिन्याच्या आतली, दोन महिन्यांची, तीन आणि त्याहून जुनी. तीन महिन्यांच्या पुढे गेलेल्या खात्यावर माल देणं थांबवून आधी बोलणं करावं. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची आहे. ती संपण्याआधी गिऱ्हाइकाने बाकी मान्य करून सही केली तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून दर दिवाळीला किंवा मार्चअखेरीला वहीतल्या बाकीखाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची जुनी रीत सोडू नका.

महिनाअखेरची रात्र

काकांना मी रोजमेळ बंद करायला सांगितलं नाही. रोजमेळ तसाच ठेवला आणि महिन्याच्या शेवटच्या रात्री एकच पान जास्त लिहायला सांगितलं. आधी उधारीच्या वहीतली सगळी पानं मिळवून एकूण येणी. मग व्यापाऱ्यांची न भागवलेली बिलं. मग माल, मोजून किंवा ८५ टक्क्यांच्या अंदाजाने. मग महिन्याची विक्री, रोख आणि उधार मिळून. न आलेलं वीजबिल मागच्या महिन्याएवढं धरायचं आणि वर्षाचा विमा भरला असेल तर बाराव्या भागाएवढाच खर्च त्या महिन्याला घ्यायचा. त्यावरून नफा, आणि खाली मघाची ती जुळवणी रोजमेळाच्या शिल्लकेपर्यंत. काकांना पहिल्या वेळी दोन तास लागले, तिसऱ्या वेळी पाऊण तास.

फ्रीझर पुढे ढकलला. सव्वा लाखातले एक लाख परत एफडीत गेले, पण या वेळी सप्टेंबरअखेर मुदत संपेल अशा बेताने. दिवाळीचा माल भरायचाच, हेही ठरलं. फक्त ऑक्टोबरात रोख लाखभर कमी पडणार हे आता आधीच माहीत होतं, म्हणून तेलाच्या व्यापाऱ्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागायची आणि मोठ्या खात्यांकडून दिवाळीच्या मालाचे निम्मे पैसे बोनस होताच घ्यायचे, असं बोलणं झालं. काकांनी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहिलं: "ऑक्टोबर, रोख १,०५,००० कमी, नफा ३५,०००," आणि खाली दोनदा रेघ ओढली.